बेल्ट छत्तीसचा की अडतीसचा?

ब्लाऊज शिवायला टाकताना आपण किती काळजी घेतो! छाती, कंबर, बाहीची उंची, मुंढा, गळा, सगळी मापं वहीत लिहून घेतली तरी वर मापाचा जुना ब्लाऊज द्यायचाच. पण घरातल्या पुरुषमाणसांसाठी बेल्ट घ्यायचा असला की आपलं माप काय असतं? "आमच्या ह्यांच्यासाठी दाखवा हो, मध्यम अंगाचे आहेत." मुलाचा शाळेचा टाय घेताना सांगायचं, "चौथीत आहे," आणि आजोबांची टोपी आणताना तर नुसता हाताचा गोल करून दाखवायचा.

मग तो बेल्ट पोटाला काचतो, टाय अर्ध्या पोटावर लोंबतो आणि टोपी कानावर उतरते. वस्तू कपाटात पडून राहते, नाहीतर रोज तशीच वापरली जाते. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण घट्ट बेल्टचा त्रास बेल्टमुळे होतोय हे महिनोन्‌महिने लक्षातच येत नाही. या तिन्ही वस्तूंचं माप घरी, दहा मिनिटांत घेता येतं, मैत्रिणींनो. आज जास्त बोलू या बेल्टविषयी, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो.

आधी टेप तपासा

शिवणाच्या डब्यातली टेप किती वर्षांची आहे, आठवतंय का? कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. मुलांच्या कंपासपेटीशेजारी ३० सेंटिमीटरची पट्टी असेल, ती टेपच्या शेजारी ठेवून बघा. पट्टीचे ३० आणि टेपचे ३० जुळले तर टेप चांगली. जुळत नसेल तर ती बाजूला ठेवा.

टेप नसली तरी अडत नाही. न ताणणारी सुती दोरी किंवा सुतळी घ्या. लोकर नको, इलॅस्टिक तर अजिबात नको. दोरी गुंडाळून जिथे टोक येईल तिथे पेनाने खूण करा आणि मग जमिनीवर सरळ ठेवून पट्टीने मोजा. इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहून ठेवा, कारण काही बेल्टवर ३६, ३८ असे इंच लिहिलेले असतात, तर काहींवर ९०, ९५ असे सेंटिमीटर. एक इंच म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बेल्टचा नंबर कशाचा असतो?

आपल्याला वाटतं, पँट ३६ ची म्हणून बेल्टही ३६ चा. पण पँटच्या आतल्या पट्टीवरचा आकडा आणि पँटचा खरा घेर नेहमी सारखा नसतो. बऱ्याच तयार पँटी लिहिलेल्या आकड्यापेक्षा इंच-दोन इंच मोठ्या असतात. शिवाय पँट शरीरावर बसते आणि बेल्ट बसतो पँटवर. मध्ये खोचलेल्या शर्टाची घडी असते, पँटच्या पट्टीचं जाड कापड असतं. हे सगळं मिळून बेल्टचा घेर वाढतो.

मग बेल्टवर ३८ लिहिलंय म्हणजे कुठून कुठपर्यंत ३८? बेल्ट टेबलावर सरळ पसरून ठेवा. बक्कलमधला काटा जिथे बसवलेला असतो, म्हणजे चामडं जिथे दुमडलेलं असतं, तिथे टेपचं शून्य लावा. तिथून मधल्या भोकापर्यंत मोजा. साधारणपणे तो आकडा म्हणजे त्या बेल्टचा नंबर. बेल्टला बहुधा पाच भोकं असतात, एकमेकांपासून इंचभर अंतरावर. म्हणजे ३८ च्या बेल्टला भोकं पडतात ३६, ३७, ३८, ३९ आणि ४० इंचांवर. मधलं भोक आपलं नेहमीचं. आतली दोन बारीक झाल्यावर कामाला येतात, बाहेरची दोन जेवल्यावर किंवा थंडीत आत स्वेटर घातल्यावर.

बेल्टची पूर्ण लांबी मात्र या आकड्यापेक्षा बरीच जास्त असते. शेवटच्या भोकापुढेही तीन-चार इंच चामडं असतं आणि बक्कल वेगळंच. म्हणून बेल्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून तो आकडा दुकानदाराला सांगितला, की हमखास भला मोठा बेल्ट हातात पडतो.

काही विक्रेते बक्कल धरून मोजतात, काही कंपन्या नुसतं मध्यम-मोठा असं लिहितात. म्हणून फोनवरून मागवत असाल तर सोबतचं मापाचं चित्र बघा, बाण कुठून कुठपर्यंत काढलाय ते पाहा. दुकानात घेत असाल तर सोपं आहे. टेप पर्समध्ये घेऊन जा आणि तिथेच काट्यापासून मधल्या भोकापर्यंत मोजा.

एका घरातले तीन आकडे

हे सगळं उदाहरणाने पाहिलं की डोक्यात पक्कं बसतं. आमच्या शेजारच्या वहिनींच्या घरी घडलेली गोष्ट आहे. दादांचा जुना बेल्ट बक्कलपाशी फाटला. वहिनींनी पँटवरचा आकडा पाहिला, ३६, आणि बाजारातून ३६ चा बेल्ट आणला. आता हिशेब करा. ३६ च्या बेल्टची भोकं ३४ पासून ३८ पर्यंत. दादांचा बेल्ट लागला तो शेवटच्या भोकात. उभे असेपर्यंत ठीक, पण दुकानात गल्ल्यावर बसले की पोटात रुतायचा. दुपारी जेवून बसले की हळूच टेबलाखाली बक्कल सोडून ठेवायचे.

मग मुलगा म्हणाला, "थांब आई, मी बरोबर माप घेतो." त्याने फाटलेला जुना बेल्ट बक्कलच्या कडेपासून टोकापर्यंत मोजला. भरला ४५ इंच. ४५ चा मिळत नाही म्हणून ४४ चा मागवला. आला तो बेल्ट! त्याचं पहिलंच भोक ४२ इंचांवर. दादांच्या कंबरेवर चार इंच ढिला, आणि टोक वळून पाठीपर्यंत.

वहिनी माझ्याकडे आल्या त्या दोन्ही बेल्ट घेऊनच. म्हणाल्या, "एक काचतो, एक घसरतो. आता तुम्हीच सांगा काय करायचं."

आम्ही दोन मापं घेतली. पहिलं जुन्या बेल्टचं. पाच भोकांपैकी एक भोक लांबट झालेलं होतं आणि त्याच्यावर चामड्याला आडवी घडी पडलेली होती. रोजच्या वापराचं भोक असंच ओळखायचं. काट्याच्या मुळापासून त्या भोकापर्यंत भरले बरोबर ३८ इंच.

दुसरं माप दादांचं. वहिनींना सांगितलं, संध्याकाळी दादा पँट-शर्टमध्ये असतील, शर्ट खोचलेला असेल, तेव्हा पँटच्या लूपमधून टेप ओवा. बेल्ट जिथून जातो अगदी तिथूनच. पोट आत ओढायचं नाही, श्वास रोखायचा नाही. टेप टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. उभं राहून माप आलं ३८. मग जेवण झाल्यावर खुर्चीवर बसवून पुन्हा मोजलं, तर साडेएकोणचाळीस.

बसल्यावर दीड इंच वाढला, पाहिलंत? माप घेताना आपण माणसाला नेहमी उभं करतो, पण बेल्ट घालून तो दिवसातले निम्मे तास बसलेला असतो, मोटारसायकलवर, गल्ल्यावर, ऑफिसात. म्हणून बसून घेतलेलं माप बेल्टच्या शेवटच्या भोकाच्या आत आलंच पाहिजे.

आता नंबर निवडा. ३८ च्या बेल्टचं मधलं भोक ३८ वर, म्हणजे उभं असताना बरोबर. शेवटचं भोक ४० वर, म्हणजे जेवून बसल्यावरही अर्धा इंच शिल्लक. दोन्ही बाजूंनी ३८ च योग्य. पँटच्या आकड्याने सांगितलं होतं ३६, जुन्या बेल्टच्या लांबीने सांगितलं ४४, आणि खरा आकडा निघाला ३८.

तुमच्या घरी माप विषम आलं, समजा ३७, तर? बेल्ट बहुधा दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळतात. अशा वेळी मोठा घ्या, ३८ चा. त्यात ३७ चं भोक असतंच, आणि बाहेरच्या बाजूला आणखी तीन भोकं हाताशी राहतात.

लांबीइतकीच रुंदीही बघायची. पँटचा लूप उभा किती इंच आहे ते मोजा. ऑफिसच्या पँटीला साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा बेल्ट लागतो, जीन्सला चार सेंटिमीटरपर्यंत. जीन्सचा रुंद बेल्ट साध्या पँटीच्या लूपमध्ये कोंबला की चामडं दुमडतं, त्याची कड कंबरेला टोचते, आणि आपल्याला वाटतं नंबर चुकला.

घट्ट बेल्टची खूण

रात्री कपडे बदलताना कंबरेवर वळ दिसतो का, बघा. हलकीशी खूण पडून थोड्या वेळात गेली तर काळजी नको. लालभडक वळ उठला, खाज सुटली, किंवा तासाभरानेही तो गेला नाही, तर बेल्ट घट्ट आहे.

दुसरी खूण जेवणानंतरची. ज्यांना आंबट ढेकर, छातीत जळजळ असा पित्ताचा त्रास आहे, त्यांच्या पोटावर घट्ट पट्टा आला की दाब वाढतो आणि जठरातलं आम्ल वर यायला मदत होते. अशांनी गोळी तर डॉक्टर सांगतील तशी घ्यावी, पण जेवायला बसण्याआधी बेल्ट एक भोक सैल करावा. पैसा लागत नाही त्याला.

तिसरी खूण फारशी कुणाला माहीत नसते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येणं, जळजळ होणं किंवा तिथली कातडी बधिर वाटणं. मांडीच्या त्या भागाची जाणीव देणारी एक नस जांघेजवळून, कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी खाली उतरते. पोट सुटलेलं असलं आणि बेल्ट त्याच्याखाली करकचून बांधलेला असला की ती नस दाबली जाऊ शकते. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि गरोदर बायकांमध्येही हा त्रास दिसतो. पायातली ताकद त्यात कमी होत नाही, नुसती कातडीची तक्रार असते. बेल्ट आणि पँट सैल केल्यावर बऱ्याच जणांना हळूहळू आराम पडतो. पण मुंग्यांना इतर कारणंही असतात. त्यामुळे सैल करूनही आठ-पंधरा दिवसांत फरक वाटला नाही, किंवा पायात अशक्तपणा जाणवला, तर डॉक्टरांना दाखवायचंच.

आणि एक सांगते. कंबरदुखीचा, पोटाच्या ऑपरेशननंतरचा किंवा हर्नियाचा पट्टा ही वेगळी गोष्ट आहे. त्याचं माप डॉक्टर सांगतील तिथेच आणि तसंच घ्यायचं. वरचे हिशेब तिथे लावू नका.

भोक पाडायचं असेल तर

बेल्ट चांगला आहे, फक्त भोक कमी पडतंय, असं झालं तर घरी खिळा ठोकू नका. खिळ्याने चामडं फाटून बाजूला सरतं, चामडं निघून जात नाही. मग काही दिवसांत त्या फटीतून चीर पुढे जाते. चपला दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गोल भोक पाडायचा पंच असतो. त्यांच्याकडून दोन मिनिटांत स्वच्छ गोल भोक पाडून मिळतं. नवीन भोक आधीच्या भोकांच्या रांगेत आणि तेवढ्याच अंतरावर असावं, म्हणून घरूनच पेनाने ठिपका करून न्या. शेवटच्या भोकापुढे टोकाला निदान तीन इंच चामडं राहायला हवं, नाहीतर बेल्ट पहिल्या लूपमध्ये न थांबता बाहेर निसटतो.

बेल्ट लांब झाला असेल तर टोकाकडून कापू नका. टोकाचा आकार जातो आणि भोकं भलत्याच ठिकाणी येतात. बेल्ट कापायचा तो बक्कलकडून. काही बक्कलं स्क्रूची किंवा चिमट्याची असतात, ती सहज निघतात. जितके इंच जास्त आहेत तितकेच बक्कलच्या बाजूने कापायचे आणि बक्कल पुन्हा बसवायचं. शिवलेलं बक्कल असेल तर हे काम कारागिराकडेच द्या. वहिनींच्या त्या ४४ च्या बेल्टचं आम्ही हेच केलं. बक्कल स्क्रूचं होतं. ४४ वजा ३८, सहा इंच कापले, आणि मधलं भोक बरोबर ३८ वर आलं. नवीन बेल्ट घ्यावाच लागला नाही.

आपल्या साडीवरच्या कंबरपट्ट्यालाही हाच नियम. साडी पूर्ण नेसून, निऱ्या खोचून झाल्यावर वरून माप घ्या. परकरावर मोजलेलं माप निऱ्यांमुळे इंच-दोन इंच कमी पडतं, आणि लग्नाच्या गडबडीत हूक काही लागत नाही.

शाळेचा बेल्ट आणि टाय

मुलांचा शाळेचा बेल्ट बहुधा इलॅस्टिकचा असतो, मागेपुढे सरकणाऱ्या कडीचा. त्याचं माप शर्ट खोचलेल्या पँटवरून किंवा स्कर्टवरून घ्यायचं. बेल्ट न ताणता, कडी मधोमध ठेवून, त्या मापाइतका किंवा फार तर इंचभर कमी असावा. वाढत्या अंगासाठी मोठा घ्यायचा तर कडी सरकवून लहान करता येईल इतकाच मोठा. बऱ्याच छोट्या पँटींना कंबरेत आधीच इलॅस्टिक असतं. त्यावर घट्ट बेल्ट म्हणजे पोटावर दोन दोन पट्ट्या. बेल्टशिवाय पँट टिकत असेल तर बेल्ट सैलच ठेवा. आणि बालवाडीतल्या मुलाला ते बक्कल स्वतःला सोडता येतं का, ते घरी करून बघा. बाथरूमला जायच्या घाईत त्याच्यावर रडायची वेळ येऊ नये.

शाळेचा टाय बहुधा तयार गाठीचा, मागे इलॅस्टिकचा. त्याची लांबी मोजायची ती कॉलरच्या वरच्या बटणापासून बेल्टच्या बक्कलपर्यंत. टायचं टोक बक्कलला टेकलं पाहिजे. समजा हे अंतर १२ इंच आलं, तर गाठीपासून टोकापर्यंत १२ इंचांचा टाय. इयत्ता सांगून उपयोग नाही, चौथीतली दोन मुलं एका उंचीची कुठे असतात?

"टाय गळ्याला टोचतो" अशी तक्रार मूल करत असेल तर आधी टाय काढून ठेवा आणि नुसतं कॉलरचं बटण लावून बघा. गळा आणि कॉलर यांच्यामध्ये तुमची दोन बोटं सहज जायला हवीत. पुष्कळदा टायचा काही दोष नसतो. धुऊन धुऊन कॉलर आटलेली असते, मुलाची मान भरलेली असते, आणि शिव्या बिचाऱ्या टायला. मग ते बटण उसवून पाव-अर्धा इंच कडेला सरकवून लावा. टायखाली ते दिसतही नाही. कॉलर सैल असून टायचं इलॅस्टिकच दाबत असेल तर मात्र ते बदला. ताणून सुटणारा किंवा चिमट्याचा टाय लहान मुलांसाठी बरा, कारण खेळताना कुणी ओढला किंवा कुठे अडकला तर तो निघून येतो. पक्क्या गाठीचा टाय तसा निघत नाही.

मोठ्या मुलाला मुलाखतीसाठी टाय घ्यायचा असेल तर बाजारातले बरेचसे टाय साधारण ५७-५८ इंच लांबीचे असतात. ते मध्यम उंचीला पुरतात. उंच किंवा जाड मानेच्या मुलाला मात्र आधी कुणाचा तरी टाय बांधून बघा. टोक बक्कलच्या दोन इंच वर राहिलं, तर गाठ सोडून रुंद बाजू आणखी दोन इंच खाली घेऊन पुन्हा बांधा. तेवढीच मागची अरुंद बाजू आखूड होते. ती इतकी आखूड झाली की पाठीमागच्या पट्टीत खोचताच येत नाही, तर समजा, त्याला लांब टाय हवा.

टोपीचा घेर

टोपीसाठी टेप भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो उंचवटा असतो त्याच्यावरून फिरवायची. मागे टेप हमखास खाली घसरते, म्हणून माप तीनदा घ्या आणि सगळ्यात मोठं आलेलं धरा. टेपखाली एक बोट सरकलं पाहिजे. तेल चोपडून केस बसवलेले असताना आणि भरपूर केस असताना मापात थोडा फरक पडतो, तेव्हा रोज जसे केस असतात तसेच ठेवून मोजा.

आजोबांची पांढरी टोपी दुकानात मोजायची एक सोपी युक्ती आहे. टोपी सपाट घडी करून ठेवा आणि खालची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. त्याची दुप्पट म्हणजे टोपीचा घेर. सपाट टोपी ११ इंच भरली तर घेर २२ इंच, म्हणजे जवळजवळ ५६ सेंटिमीटर.

पण सुती आणि खादीचं कापड पहिल्या धुण्यात आटतं. सपाट ११ इंचाची टोपी आटून पावणेअकरा झाली, तर घेर साडेएकवीस झाला. अर्धा इंच गेला! डोक्याला तो लगेच जाणवतो, कपाळावर रेघ उमटते आणि दुपारपर्यंत डोकं जड होतं. म्हणून कोरी, न धुतलेली टोपी असेल तर अर्धा इंच मोठी घ्या. कापड घेऊन घरी शिवणार असाल तर आधी कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेता.

लोकरीच्या कानटोपीचा हिशेब उलटा. लोकर ताणते, म्हणून टोपी डोक्यापेक्षा दीड-दोन इंच लहान विणायची. चार इंच रुंद तुकडा विणून टाके मोजा. समजा २० टाके आले, म्हणजे इंचाला पाच. नातवाचं डोकं १८ इंच असेल तर दोन वजा करून १६, आणि १६ गुणिले पाच, ८० टाके घाला. बाळाच्या टोपीला हनुवटीखाली नाडी असेल तर झोपवताना टोपी काढून ठेवा, गळ्याशी नाडी नको.

कपाटाच्या दाराआड चिकटवायचा कागद

घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे एवढंच लिहा:

बेल्ट: पँटवरून, शर्ट खोचून; उभं राहून एक माप, जेवून बसल्यावर दुसरं. उभ्याचं माप मधल्या भोकावर यावं, बसल्याचं शेवटच्या भोकाच्या आत.

जुना बेल्ट: काट्याच्या मुळापासून लांबट झालेल्या भोकापर्यंत.

टाय: कॉलरच्या बटणापासून बक्कलपर्यंत. कॉलरमध्ये दोन बोटं.

टोपी: भुवयांवर, कानांवर, मागच्या उंचवट्यावरून. टेपखाली एक बोट.

खाली तारीख घालायला विसरू नका. मोठ्यांची मापं वर्षातून एकदा पुन्हा घेतली तरी चालतं, मुलांची मात्र दर जूनमध्ये आणि दिवाळीत. आणि बाजारात जाताना त्या कागदाबरोबर टेपही पर्समध्ये टाका. दुकानदार काहीही म्हणो, बेल्ट काउंटरवर पसरून मोजायचा, मगच पैसे द्यायचे.